‘दीड लाख देऊ शकणार नाही’: मित्राला नकाराचा मेसेज कसा लिहावा

जवळच्या मित्राने पैशासाठी शब्द टाकला आणि आपल्याला द्यायचे नसले, की पंचाईत होते ती नकाराच्या मेसेजची. मनातून ‘नाही’ ठरलेलं असतं, पण लिहायला बसलं की अपराधीपणा आत शिरतो आणि मेसेज वीत-वीत वाढत जातो. घराचा हप्ता येतो, मुलांची फी येते, बायकोचा स्वभाव येतो, चार वेळा सॉरी येतं. एवढं सगळं वाचूनही समोरच्याला कळत नाही की पैसे मिळणार आहेत की नाही.

असाच एक मेसेज घेऊन तो पायरीपायरीने कसा सरळ करायचा ते इथे दाखवतो. उदाहरण नेहमीचं आहे. हॉस्टेलला एका खोलीत राहिलेले दोन मित्र. एक पुण्यात नोकरी करतो, दुसऱ्याचं कोल्हापुरात फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. गणपतीच्या तोंडावर दुकानदार मित्राचा मेसेज येतो:

> अरे, एक काम होतं. मशीनचे हेड गेलेत आणि मंडळांच्या ऑर्डरी अंगावर आहेत. दीड लाखाची नड आहे. दिवाळीपर्यंत परत करतो, शब्द देतो. तुझ्याकडून होईल का? तुझ्याशिवाय कुणाला म्हणणार.

पुण्याच्या मित्राने रात्रभर विचार करून हे उत्तर लिहिलं. अजून पाठवलेलं नाही.

> अरे भावा, सॉरी, कालपासून तुझा मेसेज बघून ठेवलाय पण उत्तर द्यायची हिंमतच होत नव्हती. खरंच खूप वाईट वाटतंय. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तू रात्रभर हॉस्पिटलमध्ये थांबला होतास, ते मी कधीच विसरणार नाही. पण सध्या माझंच जरा टाइट चाललंय रे. फ्लॅटचा हप्ता ४८ हजार जातो, पोरीची फी याच महिन्यात भरली, गाडीचा इन्शुरन्सही आलाय. बोनस मिळाला होता पण तो एफडीत टाकलाय, आता मोडली तर व्याज कट होतं. शिवाय हिला विचारल्याशिवाय एवढी रक्कम काढता येत नाही, तिचा स्वभाव तुला माहितीच आहे. पुढच्या महिन्यात काही जमतंय का बघतो, नक्की सांगत नाही पण प्रयत्न करतो. प्लीज गैरसमज करून घेऊ नकोस, मला खरंच लाज वाटतेय. रागावला नाहीस ना? परत एकदा सॉरी.

या मेसेजमध्ये वाईट हेतू कुठेच नाही. उलट लिहिणारा चांगला माणूस आहे हे ओळीओळीतून दिसतं. तरी हा मेसेज पाठवला तर पुढचे पंधरा दिवस दोघांनाही त्रास होईल. का, ते पुढे येतंच. त्याआधी दोन कामं उरकायला हवीत.

## लिहिण्याआधी

पहिलं काम खात्रीचं. मेसेज मित्राच्या नंबरवरून आला म्हणजे मित्रानेच पाठवला असं धरून चालू नका. दुसऱ्याचं व्हॉट्सॲप ताब्यात घेऊन त्याच्या ओळखीच्यांकडे पैसे मागण्याचे प्रकार सर्रास चालतात. मेसेजमध्ये घाई असेल, अनोळखी यूपीआय आयडी दिला असेल किंवा ‘फोन करू नकोस, मीटिंगमध्ये आहे’ असं असेल, तर व्हॉट्सॲप कॉल न करता साध्या फोनवर बोलून घ्या. फसवणूक निघाली तर मित्राला सावध करा, आणि कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायला सांगा. आपल्या उदाहरणात मित्र खराच आहे, तेव्हा पुढे जाऊ.

दुसरं काम ठरवण्याचं, आणि ते मोबाइल बाजूला ठेवून करायचं. नुसतं ‘नाही’ ठरवून भागत नाही, कुठपर्यंत नाही तेही ठरवावं लागतं. दीड लाख नाही, मग पन्नास हजारही नाही का? आत्ता नाही, मग दोन महिन्यांनी? रोख नाही, मग कर्जाला जामीन राहणार का? परत मिळाले नाहीत तरी वाईट वाटणार नाही अशी एखादी छोटी रक्कम देण्याची मनाची तयारी आहे का? घरात जोडीदाराशी बोलायचं असेल तर तेही याच वेळी बोलून घ्या. ही उत्तरं आधी ठरलेली नसली की मित्र प्रत्येक प्रश्न विचारेल तेव्हा आपण त्याच्यासमोर, त्याच्या घाईत, भिडेपोटी उत्तर शोधत बसतो. ‘भीड भिकेची बहीण’ असं जुनी माणसं म्हणत ती याचसाठी.

आपल्या उदाहरणातल्या माणसाने ठरवलं: पैसे द्यायचे नाहीत, कमी रक्कमही नाही, जामीन राहायचं नाही. मैत्री ठेवायची आहे, आणि रविवारी तसंही कोल्हापूरला जाणं आहे.

ठरवायला वेळ लागणार असेल तर मध्ये एक छोटा मेसेज टाकायला हरकत नाही: ‘मेसेज वाचला. उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो.’ त्यात ‘बघतो’ किंवा ‘काहीतरी करू’ असे शब्द नकोत. नडलेला माणूस त्या दोन शब्दांवर सगळी आशा लावून बसतो. आणि उद्या म्हणजे उद्याच. मशीन बंद पडलेल्या माणसासाठी गणपतीच्या आठवड्यातला एकेक दिवस मोलाचा असतो. त्याला नकार लवकर कळला तर तो दुसरीकडे जाऊ शकतो, उशिरा कळला तर तेही हातातून जातं. चार दिवस गप्प राहून पाठवलेलं गोड ‘नाही’ पहिल्या दिवशीच्या साध्या ‘नाही’पेक्षा जास्त दुखावतं, असं माझं पक्कं मत आहे.

मेसेज चॅटच्या चौकटीत लिहू नका, नोट्समध्ये लिहा. चॅटमध्ये खोडाखोड करत बसलात की समोर ‘टायपिंग…’ दिसत राहतं, थांबतं, पुन्हा दिसतं. त्याच्या जिवाची घालमेल होते. शिवाय अर्धवट मेसेज चुकून जाण्याची भीती असतेच.

## मसुदा मित्राच्या नजरेने वाचा

आता मूळ मसुद्याकडे. दुरुस्तीची माझी रीत एकच आहे: प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि मित्र यावर काय म्हणेल ते समोर लिहायचं. आपण त्याच्या जागी असतो, पैशाची नड असती, तर या वाक्याचं काय केलं असतं?

‘बोनस मिळाला होता पण तो एफडीत टाकलाय, आता मोडली तर व्याज कट होतं.’ यावर मित्र म्हणेल, ‘अरे, मग मोडू नकोस. एफडीवर लोन मिळतं की. व्याज मी भरतो.’ आणि तो बरोबरच म्हणतोय. बहुतेक बँका एफडीच्या रकमेच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात, एफडीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने, आणि अनेक ठिकाणी ते मोबाइलवरून काही मिनिटांत मिळतं. म्हणजे नकाराचं कारण म्हणून लिहिलेल्या वाक्याने पैसे आहेत हेही सांगितलं आणि ते काढायची वाटही दाखवली. आता लिहिणाऱ्याला नवं कारण शोधावं लागणार.

‘हिला विचारल्याशिवाय एवढी रक्कम काढता येत नाही, तिचा स्वभाव तुला माहितीच आहे.’ मित्र म्हणेल, ‘वहिनींशी मी बोलतो.’ खरंच फोन करेल. तिला यातलं काही माहीत नसेल तर घरात वेगळाच प्रसंग उभा राहील. माहीत असेल तरी पुढची कित्येक वर्षं ती त्याच्या नजरेत पैसे अडवणारी बाई होऊन बसेल. आपल्या नकाराचा वाईटपणा जोडीदाराच्या माथी मारण्याची ही सवय मला सगळ्यात जास्त खटकते. निर्णय दोघांचा असला तर ‘आम्ही ठरवलंय’ म्हणा. एकट्याचा असला तर ‘मी’ म्हणा.

‘पुढच्या महिन्यात काही जमतंय का बघतो, नक्की सांगत नाही पण प्रयत्न करतो.’ यातलं ‘नक्की सांगत नाही’ हे लिहिणाऱ्याला मोठं वाटतं, वाचणाऱ्याला ‘पुढच्या महिन्यात’ तेवढंच दिसतं. तो उत्तर देईल, ‘चालेल, १० तारखेला फोन करतो.’ आणि करेल. तेव्हा दिलेला नकार शब्द फिरवल्यासारखा वाटेल. मधल्या काळात त्याने हेडवाल्याला ‘पैसे येतायत’ म्हणून सांगितलं असेल तर नुकसानही होईल. सबंध मसुद्यात हे वाक्य सगळ्यात घातक आहे, आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्याला तेच सगळ्यात प्रेमळ वाटलं असणार.

‘फ्लॅटचा हप्ता ४८ हजार, पोरीची फी, गाडीचा इन्शुरन्स.’ हे सगळं खरं असेल, पण ज्याचं दुकान बंद पडलंय त्याच्यासमोर आपल्या फ्लॅटचा आणि गाडीचा हिशोब मांडणं बरं दिसत नाही. मित्र मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करू लागतो: याचा पगार एवढा, हप्ता जाऊन एवढे उरतात, मग देता का येत नाहीत? पैसे देण्याघेण्याच्या बोलण्याचं रूपांतर आपल्या घरखर्चाच्या तपासणीत होतं. पुढे डिसेंबरमध्ये गोव्याला जाऊन आल्याचे फोटो त्याने पाहिले, की तोच हिशोब पुन्हा उघडतो.

‘बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी तू रात्रभर थांबला होतास.’ हे वाक्य काढताना हात थरथरेल, कारण ते मनापासून आलंय. पण त्याची जागा चुकली आहे. उपकाराची आठवण आणि लगेच ‘पण’, असं वाचलं की मित्राला वाटतं, याच्या लेखी ते एक देणं होतं आणि ते फेडायला हा नकार देतोय. त्याने तर ती रात्र मोजलीही नसेल. ही आठवण सांगायचीच असेल तर वेगळ्या दिवशी, पैशाचा विषय नसताना सांगा. तेव्हा तिला ‘पण’ जोडलेलं नसतं.

उरल्या सॉरी आणि ‘रागावला नाहीस ना?’ हा प्रश्न. अडचण त्याची, मशीन त्याचं बंद, आणि समजूत काढायची आपली? त्या प्रश्नाला तो ‘नाही रे, त्यात काय’ असंच उत्तर देणार, राग आला असला तरी. मग तो राग कुठेतरी साठून राहतो. ‘हिंमत होत नव्हती’, ‘लाज वाटतेय’ हीदेखील त्याच जातीची वाक्यं. लाज वाटण्यासारखं काही केलेलं नसताना ते कबूल केलं, की मित्रालाही वाटू लागतं की इथे काहीतरी चुकीचं घडतंय.

एवढं केल्यावर पूर्ण मसुद्यात एक मजेशीर गोष्ट लक्षात येते: जवळपास शंभर शब्दांत ‘देणार नाही’ किंवा ‘देऊ शकणार नाही’ हे एकदाही आलेलं नाही.

## पहिली दुरुस्ती, आणि ती का पुरत नाही

सगळी कारणं आणि माफ्या कापल्या की बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात:

> दीड लाख देऊ शकणार नाही. मित्रांना पैसे न देण्याचा माझा नियम आहे. समजून घेशील.

यात नकार स्पष्ट आहे, पण हा मेसेज कुणालाही पाठवता येईल. मशीनचा उल्लेख नाही, गणपतीचा नाही, माणसाचा नाही. ‘नियम’ हा शब्द बँकेच्या काउंटरवरचा वाटतो. शिवाय नियम सांगायचा तर तो खरा असला पाहिजे. गेल्या वर्षी याच ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाला पैसे दिले असतील आणि ते याला माहीत असेल, तर नियम तिथेच संपला. कुणालाच उसने न देण्याची तुमची पद्धत खरोखर असेल, तर साध्या शब्दांत सांगा: ‘मी पैशाचे व्यवहार मित्रांमध्ये करत नाही, कुणाशीच.’ हे एकच कारण असं आहे ज्यावर मित्राला तोडगा काढता येत नाही, आणि म्हणून ते चालतं. खरं नसेल तर कारणच देऊ नका. कारण न दिलेला नकार उद्धट वाटेल अशी भीती असते, पण त्याच्या अडचणीची दखल आधी घेतली असेल तर तसा वाटत नाही.

‘समजून घेशील’ हेही काढा. तो समजून घेईल की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या.

## पाठवायचा मेसेज

आता वाक्यं एकेक करून परत बसवू.

सुरुवात त्याच्या अडचणीने, पण एकाच वाक्यात आणि त्याने सांगितलेल्या तपशिलासह. ‘तुझी परिस्थिती समजतेय’ हे पोकळ आहे. ‘ऐन गणपतीत हेड गेले म्हणजे मोठीच अडचण’ हे वाचल्यावर त्याला कळतं की मेसेज नीट वाचलाय.

दुसऱ्या वाक्यात लगेच नकार, रकमेसह. रक्कम लिहिल्याने दोघांच्या मनात कसला नकार आहे याची शंका राहत नाही. क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘थोडं अवघड आहे’ म्हणजे सोपं करता येईल. ‘सध्या जमत नाहीये’ म्हणजे नंतर जमेल. ‘देऊ शकणार नाही’ किंवा ‘मला जमणार नाही’ यांत सौम्यपणा आहे आणि पळवाट नाही. ‘देणार नाही’ हे खरं असलं तरी कानाला खडखडीत लागतं. ते पहिल्या मेसेजमध्ये नको, तिसऱ्यांदा आग्रह झाला तर वापरा.

मग वेळेबद्दल एक वाक्य. नकार आत्तापुरता नसेल तर तसं लिहिणं मित्राच्याच सोयीचं आहे. हेच वाक्य लिहायला माणसं कचरतात, आणि मसुद्यातलं ‘बघतो’ इथेच परत शिरायला बघतं.

शेवटी, जे खरंच करणार आहात तेवढंच. काही करता येण्यासारखं नसेल तर काहीच लिहू नका. ‘बाकी काही मदत लागली तर सांग’ हे वाक्य मी नेहमी खोडायला सांगतो, कारण मदत त्याने सांगितलीच आहे. त्याऐवजी ठरलेली एखादी गोष्ट लिहा, वार आणि जागेसह.

> अरे, मेसेज वाचला. ऐन गणपतीत हेड गेले म्हणजे मोठीच अडचण आहे. पण दीड लाख मी देऊ शकणार नाही. पुढच्या महिन्यातही नाही, त्यामुळे माझ्याकडचे धरून चालू नकोस. तुला दुसरीकडे बघायला वेळ मिळावा म्हणून लगेच सांगतोय. रविवारी कोल्हापुरात आहे, संध्याकाळी दुकानावर येतो.

मूळ मसुद्याच्या निम्म्याहून लहान. यात एकही खोटी गोष्ट नाही, म्हणून पुढे काही लक्षात ठेवावं लागत नाही. माफी नाही, तरी मेसेज कोरडा वाटत नाही, कारण त्यात त्याचं मशीन आहे, त्याचा वेळ आहे आणि रविवारची भेट आहे. एखादं ‘सॉरी’ तुमच्या बोलण्यात नेहमीच येत असेल तर नकाराच्या वाक्यात एकदा राहू द्या: ‘पण सॉरी, दीड लाख मी देऊ शकणार नाही.’ एकापेक्षा जास्त मात्र नको.

मैत्रीण मैत्रिणीला लिहीत असेल तर ‘अगं’ येईल, बाकी सांगाडा तोच. ज्याला आपण ‘दादा’ किंवा ‘तुम्ही’ म्हणतो अशा वडीलधाऱ्या मित्राला शक्यतो मेसेज करू नका, फोन करा. आपल्याकडे मोठ्या माणसाला मेसेजवर नाही म्हणणं टाळल्यासारखं दिसतं. फोनवरही हीच वाक्यं याच क्रमाने बोलायची: ‘दादा, तुमचा मेसेज वाचला. हे मला जमणार नाही, म्हणून लगेच फोन केला.’ कागदावर लिहून समोर ठेवलंत तर बोलताना कारणांची माळ सुरू होत नाही.

पाठवण्याआधी मोठ्याने एकदा वाचा. वाचताना जिथे आवाज आपोआप विनवणीचा होतो, तिथे एखादं फालतू ‘रे’, ‘खरंच’ किंवा ‘प्लीज’ उरलेलं असतं. ते काढा.

## त्यानंतर येणारी उत्तरं

मेसेज कितीही नीट असला तरी अर्ध्याहून अधिक काम यानंतर असतं. नडलेला माणूस एकदा तरी पुन्हा विचारतोच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सगळ्यात जास्त वेळा येतं ते ‘निदान पन्नास तरी’. इथे आधी ठरवलेलं उपयोगी पडतं. उत्तर: ‘पन्नासही नाही रे. रक्कम कमी-जास्तचा प्रश्न नाही.’ एवढंच. नवं कारण द्यायचं नाही, कारण आता दिलेलं पहिलं कारण मूळ मेसेजमधल्या सगळ्या कारणांइतकंच महागात पडेल. तेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणणं अवघडल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्यांदा तेच ऐकल्यावर समोरच्याला कळतं की इथे घासाघीस होणार नाही.

मग येतं ‘बरं, मग लोनला जामीन राहा, खिशातून काही जात नाही’. हे ऐकायला हलकं वाटतं म्हणूनच इथे माणसं फसतात. रोख नाकारल्याच्या अपराधीपणातून सही देऊन मोकळी होतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते, आणि ते कर्ज त्याच्या क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसतं. उद्या स्वतःसाठी गृहकर्ज काढायला गेलात तर ते आडवं येऊ शकतं. थोडक्यात, दीड लाख उसने देण्यापेक्षा पाच लाखांना जामीन राहणं जास्त जोखमीचं आहे. उत्तर: ‘जामीनही राहू शकणार नाही. पैशाच्या कुठल्याच बाबतीत मला धरू नकोस.’

याचाच भाऊ म्हणजे ‘तुझ्या कार्डावर ईएमआय करून घे, हप्ता मी भरतो’. बँकेला फक्त कार्डधारक माहीत असतो. मित्राचा हप्ता चार दिवस उशिरा आला तर लेट फी, व्याज आणि बिघडलेला सिबिल स्कोअर हे सगळं तुमच्या नावावर. बऱ्याच कार्डांवर थकलेल्या रकमेचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जातं. उत्तर वरचंच.

सगळ्यात अवघड मात्र हे: ‘एवढंच का आपलं? मी तुझ्यासाठी काय नाही केलं?’ यात रक्कम नाही, दुखावलेपण आहे, म्हणून त्याला पैशाच्या भाषेत उत्तर द्यायचं नाही आणि आपण काय काय केलंय त्याची यादीही काढायची नाही. मी असं लिहीन:

> तू केलंयस, आणि ते मला माहीत आहे. तुला वाईट वाटणं साहजिक आहे. तरी पैशाचं माझं उत्तर तेच आहे. रविवारी येतोय, समोरासमोर बोलू.

‘तरी’ नंतरचं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळलं तर पहिली दोन वाक्यं म्हणजे मन बदलतंय असा अर्थ निघतो.

उत्तरच आलं नाही, निळ्या टिक दिसतायत आणि दोन दिवस शांतता, असंही होतं. तेव्हा काहीही पाठवू नका. ‘रागावलास का?’ नाही, हसरा इमोजी नाही, सकाळचा फॉरवर्ड नाही. पाठवलेला मेसेज डिलीटही करू नका. डिलीट केल्याची खूण तिथे राहते आणि त्यातून जास्त शंका निघतात. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो, पण ती सोय चुकलेल्या आकड्यासाठी वापरा, शब्द मऊ करण्यासाठी नाही. रविवारी दुकानावर जायचं लिहिलंय, तर उत्तर आलेलं नसलं तरी जा. ते टाळलं तर मेसेजमधलं एकमेव आश्वासन खोटं ठरतं.

आणि कॉलेजच्या ग्रुपमध्ये, किंवा दोघांच्या सामायिक मित्राशीसुद्धा, याबद्दल अक्षर काढू नका. पैसे नाकारल्याचं मित्र विसरेल, पण त्याने मागितल्याचं चार लोकांना कळल्याचं विसरणार नाही.

## हाच मेसेज कुठे चालत नाही

परत न मागण्याच्या बोलीवर थोडे पैसे द्यायचे ठरवले असतील तर ते नकारात मिसळू नका. ‘दीड लाख नाही, पण दहा हजार देतो’ असं एका दमात लिहिलं की दहा हजार ही घासाघिशीची सुरुवात ठरते. आधी नकार पूर्ण करा, मग वेगळ्या मेसेजमध्ये लिहा: ‘दहा हजार पाठवतोय. हे उसने नाहीत, परत करायचे नाहीत.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसलं तर तो वर्षभर ते डोक्यावर वागवेल आणि आपणही नकळत वाट बघू.

आपणच त्याचं काही देणं लागत असू, तर हा मेसेज वापरायचा नाही. तेव्हा तो उसने मागत नसून स्वतःचे पैसे मागतोय. रक्कम जुळत नसली तरी जेवढं देणं आहे तेवढं आधी फेडा, आणि उरलेल्यापुरता नकार द्या.

आणि कारण मशीन नसून हॉस्पिटल असेल, तर ठरवण्याची पायरी पुन्हा करा, कारण तिथे ‘कुठपर्यंत नाही’ याचं तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. देण्याचं ठरलं तर शक्य तेवढं थेट हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला भरा आणि पावती मित्राकडे द्या. नकारच ठरला तर वरच्या मेसेजमधलं वेळेचं वाक्य तसंच ठेवा, पण शेवटच्या ओळीत भेटीऐवजी अंगमेहनतीचं काहीतरी लिहा: कोणत्या रात्री थांबणार, डबा कोण आणणार, रक्तदात्यांसाठी कुणाला फोन करणार. वार आणि वेळ इथेही हवीच.

सहा महिन्यांनी त्याने पुन्हा विचारलं तर नवा मसुदा लिहायची गरज नाही. नोट्समधला जुना मेसेज काढा, पहिलं वाक्य त्याच्या नव्या अडचणीप्रमाणे बदला, आकडा बदला, आणि त्याच दिवशी पाठवा.